सासूबाई, नातू आणि संगीताचे ॲप : जुनी भक्तिगीते लावायला शिकताना

कृष्णाकाठ

आम्ही कराडला राहतो. सासूबाईंचे वय ७६ आहे. त्यांच्या खोलीतला टेपरेकॉर्डर गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने आतला रबरी पट्टा बदलून पाहिला, परंतु हेडही झिजलेले निघाले आणि तो भाग बाजारात मिळेना. पहाटेच्या भूपाळ्या, संध्याकाळचा हरिपाठ आणि दुपारी निवडणे-टिपणे करताना ऐकायचे अभंग असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता, तो त्यामुळे एकाएकी तुटला. आम्ही फोनवर गाणी लावून देत होतो, परंतु ‘कोणी लावून दिले तर ऐकायचे’ हे त्यांना मुळीच रुचेना. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने तेव्हा आजीला संगीताचे ॲप स्वतः चालवायला शिकवायचे मनावर घेतले. त्यात आलेल्या अडचणी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण त्यांपैकी काही अजून सुटलेल्या नाहीत.

मुख्य अडचण लिपीची आहे. सासूबाई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या आहेत, पोथी सहज वाचतात, पण रोमन अक्षरे त्यांना येत नाहीत आणि ॲपमधील बहुतेक मराठी गाण्यांची नावे रोमन लिपीत असतात. त्यामुळे मुलाने चार याद्या केल्या, त्यांना ‘पहाट’, ‘हरिपाठ’, ‘दुपार’ आणि ‘एकादशी’ अशी देवनागरी नावे दिली आणि प्रत्येक यादीवर ॲपने घातलेले चित्र काढून आमच्या घरातलाच एकेक फोटो लावला. ‘पहाट’वर तुळशीवृंदावन आहे आणि ‘हरिपाठ’वर देवघरातला विठोबा. सासूबाई नाव वाचण्याआधी फोटोच ओळखतात.

शिकवताना त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता, तो असा की फोन आजीच्या हातातून कधीही घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी तर त्याने गाणे लावायला शिकवलेच नाही. कुठेही हरवलो तरी पहिल्या पानावर परत कसे यायचे, एवढेच त्याने पुन्हा पुन्हा करून घेतले. मला तेव्हा ते उलटे वाटले होते, पण परत येता येते हे कळल्यावर सासूबाईंच्या बोटातली भीती बरीच कमी झाली.

त्यानंतर त्रिकोण आणि दोन उभ्या रेषा यांचा प्रश्न आला. सासूबाईंनी वहीत दोन्ही चिन्हे काढून त्यांच्यापुढे ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे लिहून ठेवले होते. गाणे सुरू असताना पडद्यावर ‘बंद’ची चिन्हे पाहून त्या गोंधळल्या.

“अरे, गाणं तर चाललंय. मग इथं दोन काठ्या कशा?”

“आजी, ते बटण आत्ता काय चाललंय ते सांगत नाही. तू दाबलंस तर पुढं काय होईल, ते सांगतं.”

“आमच्या टेपचं बटण दाबलं की खाली जाऊन बसायचं. बघितलं की कळायचं.”

यावर मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, कारण आजीचे म्हणणे बरोबर होते. टेपच्या बटणाकडे पाहून यंत्राची स्थिती कळत असे आणि येथे ती कळत नाही. शेवटी त्याने गाण्याखालची सरकणारी रेघ दाखवली आणि “ही चालली की गाणं चाललं” असे सांगितले. वहीतील ‘सुरू’ आणि ‘बंद’ खोडून तेथे आता ‘दाबले की सुरू होईल’ आणि ‘दाबले की थांबेल’ असे लिहिलेले आहे.

हरिपाठाच्या वेळी मात्र निराळाच घोटाळा झाला. ‘देवाचिये द्वारी’ संपल्यावर एकदम ‘भावेंवीण भक्ति’ सुरू झाला आणि सासूबाई म्हणाल्या, “मधले दोन खाल्ले यानं.” त्यांना तबकडीतच दोष आहे असे वाटले. प्रत्यक्षात ॲपच्या फुकट सेवेत यादी क्रमाने वाजतच नव्हती, ती उलटसुलट करूनच वाजवली जात होती. चित्रपटगीतांच्या बाबतीत हे चालून जाते, पण सत्तावीस अभंगांच्या हरिपाठात ते कसे चालावे? आम्ही पैसे भरून वर्गणी घेतली, एकमेकांना छेदणारे दोन बाण बंद केले आणि क्रम जागेवर आला. यादी संपल्यावर ॲपने स्वतःच्या मनाने विठ्ठलाच्या एका गाण्याचे डीजेवाले रूप लावले, तेव्हा आपलाच हात कुठेतरी लागला असे समजून सासूबाई ओशाळल्या होत्या. यादी संपली की आपोआप पुढचे काही लावण्याची ती सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद केली.

आता प्रश्न असे आहेत. सासूबाईंचे बोट पडद्यावर थोडे जास्त वेळ टेकते आणि गाणे लागण्याऐवजी खालून पर्यायांची लांबच लांब यादी वर येते. पहाटेची गाणी कधी कधी मध्येच थांबतात. आणि नवीन गाणे शोधायचे असेल तर त्यांना अजून नातवावरच अवलंबून राहावे लागते. या तिन्हींवर अनुभवी सभासदांनी काही सुचवावे.

सरळमार्ग

एवढे कष्ट कशाला घेता? फोनची भाषा मराठी करावी, म्हणजे ॲप मराठीत येईल आणि गाण्यांची नावेही देवनागरीत दिसतील. शोधण्यासाठी तर लिहिण्याची गरजच नाही, माईकचे चिन्ह दाबून आजींनी गाण्याचे नाव बोलावे. माझ्या वडिलांना हे एका संध्याकाळी जमले.

तबकडी

सरळमार्ग यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. फोनची भाषा मराठी केली की बटणांवरचे शब्द आणि सूचना मराठीत येतात, पण गाण्यांची नावे बदलत नाहीत. ती नावे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने ॲपला पुरवलेल्या यादीतून येतात. त्या यादीत रोमन असेल तर पडद्यावरही रोमनच दिसणार.

त्यातही लेखनाचा ताळमेळ नसतो. भीमसेन जोशी यांनी गायलेला आणि राम फाटक यांनी स्वरबद्ध केलेला एकनाथांचा ‘माझे माहेर पंढरी’ हा अभंग शोधून पाहा. “Maze Maher Pandhari” आणि “Majhe Maher Pandhari” असे दोन्ही प्रकारे लिहून पाहिल्यास निकालांचा क्रम बदलतो आणि कधी कधी वेगळेच गायक वर येतात. ‘झ’, ‘ळ’, ‘व’ आणि शेवटचा ‘ई’ ही अक्षरे नावात असतील तर दोन-तीन लेखने करून पाहिल्याशिवाय ‘हे गाणे नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

दुसरे असे की अभंगाचे नाव म्हणून बहुधा पहिली ओळ किंवा ध्रुवपद दिलेले असते, आणि श्रोत्याच्या मनात मात्र अनेकदा मधली ओळ घर करून बसलेली असते. आजींना कोणते गाणे सापडत नाही ते कळवल्यास नेमके सांगता येईल.

ओसरी

बोट जास्त वेळ टेकण्यावर फोनमध्येच उपाय आहे. माझ्या आईचे बोट असेच रेंगाळत असे. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘Accessibility’ म्हणून विभाग असतो, त्यात ‘Touch & hold delay’ शोधावे आणि ते ‘Long’ करावे. काही फोनमध्ये हे नाव थोडे वेगळे असते किंवा एका आतल्या पानावर असते. हे केल्यावर बोट बराच वेळ टेकलेले राहिले तरच फोन त्याला ‘धरून ठेवले’ असे समजतो, एरवी साधे दाबणे मानतो.

बोट थरथरत असेल तर आणखी एक गोष्ट होते. एकदा दाबले असे आपल्याला वाटते, पण फोनला दोनदा दाबलेले कळते, म्हणून गाणे सुरू होऊन लगेच थांबते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये लागोपाठचे दुसरे दाबणे सोडून देण्याची सोय असते, ती त्याच विभागात सापडते. म्हाताऱ्या माणसांची बोटे कोरडी असतात आणि पडद्याला ती नीट जाणवत नाहीत, मग माणूस जोर लावतो आणि जास्त वेळ दाबून धरतो. पडद्याला जोर कळत नसतो, हे आईला पटवायला मला फार वेळ लागला. जोर लावण्याऐवजी बोट किंचित ओलसर करण्याचा उपाय तिला अधिक मानवला.

टाळकरी

हरिपाठाविषयी लिहिलेत म्हणून सांगतो. ज्ञानदेवांचा हरिपाठ सत्तावीस अभंगांचा हे बरोबर आहे, परंतु एकनाथ महाराजांचा आणि इतर संतांचाही हरिपाठ आहे, आणि फडाफडांत म्हणण्याची पद्धत निराळी असते. आजी कोणत्या परंपरेने म्हणतात? त्यांनी अभंग गाळणे योग्य नव्हे. रोज सर्व म्हणावेत आणि प्रत्येक अभंगानंतर ‘हरि मुखें म्हणा’ घ्यावे.

कृष्णाकाठ

टाळकरी, सासूबाईंनी एकही अभंग गाळलेला नाही. ॲपने गाळले होते आणि ते त्यांच्याच लक्षात आले, आम्हा कोणाच्या आले नसते. त्या ज्ञानदेवांचाच हरिपाठ म्हणतात.

ओसरी, आपला उपाय आजच केला. पर्यायांची यादी वर येणे जवळजवळ बंद झाले आहे.

तबकडी, आपण विचारलेत म्हणून एका शोधाची हकीकत लिहिते. सासूबाईंना ‘मागे परतोनि पाहे’ हे गाणे हवे होते. मुलाने कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून दिली आणि माईक दाबून बोलायला सांगितले. सासूबाईंनी ओळ स्पष्ट म्हटली, पण फोनने ‘परतोनि’चे ‘परत नी’ केले. त्यांनी पुन्हा, अधिक सावकाश म्हटले, तेव्हा फोन मध्येच ऐकायचा थांबला, कारण बोलण्यात खंड पडला की तो बोलणे संपले असे समजतो. जे निकाल आले त्यात त्यांचे गाणे नव्हते. मुलाने स्वतः लिहून दिले असते तर दोन मिनिटांत काम झाले असते, पण त्याने विचारले, “आजी, याच्या आधीची ओळ कुठली?” त्या गुणगुणल्या आणि ‘कन्या सासुरासी जाये’ ही सुरुवात त्यांच्याच तोंडून निघाली. ती बोलून पाहिल्यावर हा अभंग गाणारी अर्धा डझन नावे आली. त्यांतील पहिले त्यांनी थोडेसे ऐकले आणि “ही ती नव्हे” म्हणून मागे आल्या. मागे येणे आता त्या न विचारता करतात.

पुढे काय करावे हे मुलालाही कळेना. येथे सासूबाईंनीच मार्ग काढला. त्यांनी कॅसेटचा डबा उघडून आतला कागद वाचला. त्यावर ‘अभंग तुकयाचे’, गायिका लता मंगेशकर, संगीत श्रीनिवास खळे असे छापलेले होते. “अभंग तुकयाचे लता” एवढेच बोलल्यावर फोनने ते बरोबर लिहिले आणि सबंध संच समोर आला. ‘भेटीलागी जीवा’, ‘वृक्षवल्ली’, ‘अगा करुणाकरा’ ही शेजारची गाणी कागदाशी ताडून पाहिल्यावरच त्यांनी त्रिकोण दाबला.

तबकडी

आजींनी जी पद्धत शोधली ती मी स्वतः वापरतो, आणि त्यांनी ती कोणी न सांगता काढली याचे कौतुक वाटते. एकेक गाणे शोधण्यापेक्षा कागदावरचा संच शोधावा. संचाचे नाव आजच्या मराठीत असते, म्हणून बोललेले फोनला कळते. ‘जाये’, ‘परतोनि’, ‘कोकताहे’ ही संतांची भाषा त्याच्या सरावाची नाही. शिवाय शेजारची गाणी जुळली म्हणजे ध्वनिमुद्रण तेच, याची बरीच खात्री होते. कॅसेट वाजत नसली तरी तिच्यातला कागद टाकून देऊ नये. डब्यातले सगळे कागद वेगळे काढून त्यावरून शोध घेतल्यास याद्या भराभर भरतील.

जुने ध्वनिमुद्रण ओळखण्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. ॲपमध्ये गाण्याखाली दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नये, ते बऱ्याचदा संकलन काढल्याचे वर्ष असते. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही होनाजी बाळाची भूपाळी १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटातली आहे. वसंत देसाई यांचे संगीत आहे आणि पंडितराव नागरकर व लता मंगेशकर यांचे आवाज आहेत. ती कितीतरी संकलनांत घेतलेली असल्यामुळे तिच्याखाली अलीकडचे एखादे वर्ष दिसू शकते. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. म्हणून त्याच काळातले म्हणून दाखवलेले गाणे सहा-सात मिनिटांचे असेल तर ते बहुधा नव्याने गायलेले असते. नावापुढे ‘Recreated’, ‘Lofi’, ‘Karaoke’ असले काही असेल तर सोडून द्यावे. कधी मूळ संगीतकाराचे नाव ठळक असते आणि गायक मात्र दुसराच असतो, तेव्हा संगीतकाराच्या नावाने फसू नये. आजींना कानाने पहिल्या ओळीतच कळते, हे आपण लिहिलेच आहे.

हरिपाठासाठी एक सुचवतो. सबंध हरिपाठ एकाच सलग मुद्रणात असलेले संच मिळतात. तसा एक घेतल्यास क्रम बिघडण्याची भीतीच उरत नाही. त्यात गैरसोय एवढीच की मध्ये फोन आला आणि ॲप बंद झाले, तर राहिलेली जागा रेघ सरकवून शोधावी लागते. ते आजींच्या बोटाला कठीण जाईल.

सरळमार्ग

भाषेच्या बाबतीत तबकडी यांचे म्हणणे मान्य आहे, आत्ताच फोनमध्ये पाहिले, नावे रोमनच आहेत. वडिलांना रोमन वाचता येते हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मात्र मधली ओळ आठवत असेल तरी अडत नाही, ॲप गाण्याच्या शब्दांतूनही शोधते.

तबकडी

शब्द ॲपकडे असतील तरच शोधते. हिंदी चित्रपटगीतांचे असतात, जुन्या मराठी भक्तिगीतांचे बहुधा नसतात. गाण्याच्या पानावर शब्द दिसत नसतील, तर मधल्या ओळीने ते सापडण्याची आशा धरू नये. अशा वेळी शब्दांवरून शोधायचे काम साध्या वेब शोधावर करावे, तेथून पहिली ओळ आणि गायक मिळवावा आणि मग ॲपकडे यावे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो. आई उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे येते. तिच्यासाठी माझ्या बहिणीने भारतात यादी करून पाठवली होती. माझ्या खात्यातून उघडल्यावर त्यातली बरीच गाणी करड्या रंगात दिसली आणि दाबून काही होईना. आईला वाटले की अमेरिकेतला फोनच बिघडला आहे. नंतर कळले की गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे दिलेले असतात आणि खाते ज्या देशाचे असेल त्याप्रमाणे गाणी दिसतात. तीच गाणी दुसऱ्या संकलनातून शोधल्यावर काही मिळाली, काही मिळालीच नाहीत. कृष्णाकाठ यांच्या घरी हा प्रश्न नसेल, पण परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी निघण्यापूर्वी याद्या तपासून घ्याव्यात. गाणी फोनमध्ये उतरवून आणली तरी ॲपला ठरावीक काळाने इंटरनेट लागतेच.

रेडिओप्रेमी

हे सगळे वाचून मला प्रश्न पडतो की ७६ वर्षांच्या बाईंना एवढा खटाटोप का करायला लावायचा? गाणी आधीच भरलेली आणि खरी, दाबली जाणारी बटणे असलेली रेडिओसारखी पेटी मिळते. तिला वर्गणी लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि पडद्यावर कोणतेही चिन्ह रातोरात जागा बदलत नाही. नातू उद्या शिकायला बाहेरगावी गेला आणि ॲपने आपले रूप बदलले तर आजी काय करणार?

कृष्णाकाठ

रेडिओप्रेमी, तशी पेटी आम्ही एका नातेवाइकांकडून आणून पाहिली होती. बटणे सासूबाईंना लगेच कळली. पण त्यात त्यांच्या कॅसेटमधली निम्मी गाणीही नव्हती आणि नवी भरायची म्हटले तर पुन्हा आमच्यावरच काम आले. ती त्यांनी परत पाठवायला सांगितली.

ॲपचे रूप बदलण्याची आपली शंका मात्र खरी आहे. मागच्या महिन्यात शोधाचे भिंग वरून खाली आले, तेव्हा सासूबाईंनी वहीतले चित्र आणि पडदा शेजारी ठेवून “यातलं कुठलं खोटं?” असे विचारले. मुलाने वहीत जागेऐवजी चिन्ह ओळखायला सांगितले. भिंग कुठेही असो, भिंग म्हणजे शोध. याद्यांचे दुवे त्याने व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावे पाठवून तो संवाद सर्वांत वर टाचून ठेवला आहे. ॲपमध्ये वाट सापडली नाही तर तेथून ‘हरिपाठ’वर बोट ठेवले की यादी उघडते. त्रिकोण मात्र तरीही दाबावा लागतो.

गाणी मध्येच थांबण्याचा प्रश्न अजून बाकी आहे. कोणी त्यावर लिहिलेले नाही.

ओसरी

याला दोन वेगळी कारणे असू शकतात आणि थांबल्यावर पडद्यावर काय दिसते त्यावरून ती ओळखता येतात. फोन उघडल्यावर ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर फोनने बॅटरी वाचवण्यासाठी ते बंद केलेले असते. ॲपच्या चिन्हावर बोट धरून ठेवल्यावर येणाऱ्या माहितीच्या पानात ‘Battery’ असते, तेथे ‘Unrestricted’ निवडावे. पडद्यावर दुसऱ्या कोणत्या तरी उपकरणाचे नाव दिसत असेल, तर तेच खाते दुसऱ्या फोनवर कोणीतरी वापरत असते. बऱ्याच ॲपमध्ये एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजते.

कृष्णाकाठ

ओसरी, दुसरेच कारण निघाले. मुलगा सकाळी साडेसहाच्या एसटीने कॉलेजला जातो आणि बसमध्ये बसला की कानात गाणी लावतो. खाते एकच असल्यामुळे त्याचे गाणे सुरू झाले की इकडे भूपाळी थांबत असे. रविवारी ती कधीच थांबत नाही, हे सासूबाईंनी मागे एकदा सांगितले होते, पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता. घरातल्यांची वेगवेगळी खाती असलेली वर्गणी आता घेतली आहे. त्यामुळे आणखी एक झाले. मुलाच्या शिफारशींत येणारे अभंग आणि सासूबाईंच्या पानावर येणारी रॅप गाणी, दोन्ही थांबली. मुलगा म्हणतो की त्याला अभंग येत होते ते चालले असते.

आता शेवटचा प्रश्न. सासूबाईंना पूर्वी सांगली आकाशवाणीवरून पहाटे लागणारे ‘उठा उठा हो सकळिक’ हवे आहे. समूहस्वर आहेत, आधी नुसते टाळ वाजतात आणि मग एक पुरुषाचा आवाज पुढे होतो, असे त्या सांगतात. त्यांनी स्वतः माईकवर बोलून शोधले, जेवढी सापडली तेवढी सुरुवातीपुरती ऐकली आणि सगळी नाकारली. कोणाला माहीत असल्यास कळवावे.

टाळकरी

ही भूपाळी कित्येकांनी गायली आहे. माझ्याकडे आमच्या भजनी मंडळाने म्हटलेली आहे, टाळ आधी आहेत. हवी असल्यास पाठवतो.

तबकडी

जपून शोधावे लागेल. आकाशवाणीवर लागणारे सगळेच काही तबकडीवर आलेले नसते. केंद्रे स्थानिक कलाकारांकडून स्वतः ध्वनिमुद्रणे करून घेत आणि ती केंद्राच्या संग्रहातच राहत. गीतरामायणाचेच पाहा. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर त्यातली ५६ गीते सादर झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक होते. पुढे तबकड्यांवर सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले गीतरामायण आले आणि बहुतेकांच्या कानात तेच बसले. एवढ्या गाजलेल्या मालिकेची ही गोष्ट, तर सांगली केंद्रावरच्या एका समूहस्वरातल्या भूपाळीचे काय सांगावे? ती एखाद्या कंपनीने काढलेली नसेल, तर कोणत्याही ॲपमध्ये कितीही शोधली तरी मिळणार नाही.

आजींना एवढे विचारावे की गाण्याआधी किंवा नंतर निवेदक गायकांची नावे सांगत असे का, की ‘केंद्राचे कलाकार’ एवढेच म्हणत असे. नावे सांगत असेल तर शोधायला जागा आहे.

कृष्णाकाठ

विचारले. “नाव सांगायचे, पण त्या वेळी मी बंबात जळण घालत असायची, ऐकू यायचं नाही,” असे त्या म्हणाल्या. टाळकरी यांनी पाठवलेली भूपाळी ऐकून त्यांनी टाळ बरोबर आहेत, आवाज तो नव्हे, असे सांगितले, पण ती ‘पहाट’मध्ये घाला असेही सांगितले. ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर आली आहे आणि ॲपमधल्या यादीत ती कशी घालायची, हे मुलालाही अजून जमलेले नाही. कोणी केले असल्यास कृपया लिहावे.

ओसरी

काही ॲप फोनमधल्या ध्वनिफिती दाखवतात, काही दाखवत नाहीत. आधी ती व्हॉट्सॲपमधून फोनमध्ये साठवून घ्यावी, मग ॲपच्या सेटिंगमध्ये ‘Local files’ किंवा तशा अर्थाचे काही आहे का ते पाहावे. असेल तर ते सुरू केल्यावर ती यादीत घालता येईल, मात्र ती त्या एकाच फोनवर वाजेल. नसेल तर ती व्हॉट्सॲपवरच, टाचलेल्या संवादात, याद्यांच्या दुव्यांच्या खाली ठेवावी.